बजेट गोठल्यामुळे जागा होल्डवर गेली, तर उमेदवाराला नेमकं काय सांगायचं?

प्रश्न: मी पुण्यात एका अमेरिकन कंपनीच्या इथल्या केंद्रात रिक्रूटर आहे. सीनिअर बॅकएंड इंजिनिअरच्या जागेसाठी एक उमेदवार सगळे राउंड पास झाली, पगारही तोंडी ठरला, आणि परवा हेडऑफिसकडून डिसेंबरअखेरपर्यंत हायरिंग फ्रीझचा मेल आला. ऑफर लेटर अजून गेलेलं नाही. मॅनेजर म्हणतात, "तिला वॉर्म ठेव, जानेवारीत बघू." तिच्या हातात दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे आणि २० ऑक्टोबरपर्यंत तिला उत्तर द्यायचंय. मला खरं सांगायचंय, पण किती सांगू आणि कसं?

उत्तर:

फोन आजच करा. तिची २० तारीख तुमच्या फ्रीझपेक्षा महत्त्वाची आहे, कारण त्या तारखेपर्यंत तुम्ही जे सांगाल त्यावर ती निर्णय घेणार आहे. तुम्ही गप्प राहिलात, तर "ऑफर येते आहे" हे तुमचं जुनं वाक्यच तिच्या हिशोबात कायम राहतं. त्यामुळे इथे गप्प बसणं हेही खोटं सांगण्यासारखंच ठरतं.

पण फोन उचलण्याआधी तासभर कंपनीच्या आत चौकशी करा. "होल्ड" या एका शब्दाखाली कंपन्यांत तीन-चार निरनिराळ्या गोष्टी चालतात, आणि त्यातली तुमची कोणती हे माहीत नसताना फोन केला की पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होतं.

पहिली चौकशी: रिक्विझिशन, म्हणजे ही जागा भरायची मंजुरी, रद्द झाली आहे की थांबवली आहे? एटीएसमध्ये, म्हणजे भरतीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हींचा रंग कधीकधी सारखाच दिसतो, म्हणून तिथे बघून समाधान मानू नका, फायनान्सच्या किंवा एचआर बिझनेस पार्टनरच्या माणसाला विचारा. जागेचा पैसा परत काढून घेतला असेल तर ती जागा संपली. जानेवारीत तिच्यासाठी नव्याने मंजुरी मागावी लागेल आणि ती मिळेलच असं नाही. पैसा तसाच राखून फक्त खर्च थांबवला असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी: ही जागा नवी होती की कुणी सोडून गेल्यामुळे रिकामी झालेली? बऱ्याच फ्रीझमध्ये नव्या जागा सरसकट थांबतात, पण बदलीच्या जागांना अपवाद म्हणून वरून मंजुरी मिळू शकते. बदलीची असेल तर मॅनेजरना स्पष्ट विचारा की अपवादाचा अर्ज ते करणार आहेत का, आणि करणार असतील तर या आठवड्यात का नाही. "बघू" म्हणणारे मॅनेजर या प्रश्नावर बहुतेक वेळा खरं काय ते सांगतात. अर्ज करायची तयारी नसेल, तर जागेवरचा त्यांचा स्वतःचा भरवसाही तुम्हाला कळला.

तिसरी: "जानेवारी" ही तारीख कुणी दिली? फ्रीझच्या मेलमध्ये "वर्षअखेरपर्यंत" लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ जानेवारीत फेरविचार होईल एवढाच. जागा जानेवारीत उघडेल, हा अर्थ मॅनेजरनी आपल्या मनाने काढलेला आहे. तो तुम्ही पुढे ढकलला की उमेदवाराकडे पोचेपर्यंत तो कंपनीचा शब्द होतो.

चौथी: बाहेर काय सांगायची परवानगी आहे? कंपनी शेअर बाजारात असेल, तर निकाल जाहीर होण्याआधी "या तिमाहीत विक्री पडली" किंवा "अमुक विभाग बंद होतोय" हे उमेदवाराला सांगणं तुम्हाला आणि तिला दोघांनाही अडचणीत आणू शकतं. भारतात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम लागू आहेत, अमेरिकेत तिथले कायदे आहेत. "नव्या भरतीचा खर्च वर्षअखेरपर्यंत थांबवला आहे आणि ही जागा त्यात आली" एवढं सांगायला मात्र सहसा हरकत नसते. हे वाक्य एचआरकडून मेलवर मान्य करून घ्या, म्हणजे फोनवर चाचपडावं लागणार नाही.

आता मॅनेजरच्या "वॉर्म ठेव" बद्दल. त्यांची अडचण खरी आहे. चार राउंड घेऊन सापडलेला माणूस हातचा जाणार. पण वॉर्म ठेवण्याची जी नेहमीची साधनं आहेत ती या अवस्थेत वापरायची नाहीत. आणखी एक "कल्चर राउंड" लावायचा नाही. पगाराच्या स्लिपा, पॅन, आधीच्या कंपन्यांची रिलीव्हिंग लेटरं मागायची नाहीत. आपल्याकडे कागदपत्रं मागितली की उमेदवार ऑफर पक्की धरतो, घरी सांगतो, आणि काही जण त्याच दिवशी राजीनामाही देतात. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची लिंक आधीच गेली असेल तर ती थांबवायला एजन्सीला आजच कळवा. नाहीतर इकडे तुम्ही होल्ड सांगाल आणि तिकडे त्यांच्याकडून "कृपया कागदपत्रं अपलोड करा" असं स्मरणपत्र जाईल.

मॅनेजरशी बोलताना एक हिशोब कागदावर मांडा, त्याने वाद लवकर मिटतो. तिची नोटीस ९० दिवसांची आहे असं धरू. जानेवारीच्या मध्यावर नवं बजेट मंजूर झालं, रिक्विझिशन पुन्हा उघडून सह्या व्हायला तीन आठवडे गेले, तर ऑफर लेटर साधारण ५ फेब्रुवारीला निघेल. तिने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला तरी ९० दिवस ७ मे रोजी पुरे होतात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी ती मे महिन्यात रुजू होणार. दुसरीकडची ऑफर घेऊन तिने २० ऑक्टोबरला राजीनामा दिला, तर १८ जानेवारीला ती मोकळी होते. तुमच्या कंपनीत बजेटवर सही होत असेल त्या सुमारास ती तिकडे कामावर बसलेली असेल. नोटीस बायआउटने हे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण अंतर मिटणार नाही. २० ऑक्टोबरपर्यंत उत्तर द्यायचं असलेल्या माणसाला मे महिन्यापर्यंत "वॉर्म" ठेवता येत नाही, फक्त अडकवून ठेवता येतं.

उमेदवार कन्सल्टन्सीमार्फत आली असेल तर आणखी एक काळजी घ्या. कन्सल्टंटची फी माणूस रुजू झाल्यावर मिळते, आणि वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. त्यामुळे बातमी त्यांच्याकडून पोचवली तर "थोडा डिले आहे, काळजी करू नका" असं होऊन पोचण्याची शक्यता मोठी. कन्सल्टंटला आधी कळवा, पण उमेदवाराशी स्वतः बोला किंवा तिघांचा एकत्र कॉल लावा.

फोन पाच-सात मिनिटांचा असू द्या. आधी "बोलायला वेळ आहे का" असा मेसेज टाका, कारण ती सध्याच्या ऑफिसात शेजारी माणसं असताना हे ऐकू शकत नाही. मेसेजमध्ये "गुड न्यूज", "छोटंसं अपडेट" असं काही नको. "तुमच्या ऑफरच्या स्थितीबद्दल आजच बोलायचं आहे" एवढं पुरे, त्यातून तिला सूर कळतो आणि ती एखाद्या मीटिंग रूममध्ये जाऊन बसते.

पहिल्या तीन वाक्यांत बातमी पूर्ण व्हायला हवी. हवापाण्याच्या गप्पा, "तुम्ही खरंच छान इंटरव्ह्यू दिलात" ही प्रस्तावना, यातलं काही आधी आणू नका. स्तुती आधी आली की पुढे "पण" येणार हे तिला कळतं आणि ती स्तुतीही वाया जाते. साधारण असं बोलता येईल:

"मला तुम्हाला एक अडचणीची गोष्ट सांगायची आहे. आमच्या कंपनीने परवा नव्या भरतीचा खर्च वर्षअखेरपर्यंत थांबवला, आणि तुमची जागा त्यात आली. त्यामुळे मी तुम्हाला सध्या ऑफर लेटर देऊ शकत नाही, आणि कधी देता येईल हे मला माहीत नाही."

इथे थांबा. समोरून शांतता येईल, ती भरून काढायची घाई करू नका. याच क्षणी रिक्रूटरच्या तोंडून "पण काळजी करू नका, जानेवारीत नक्की होईल" असं निघून जातं, आणि आधी सांगितलेल्या सगळ्यावर पाणी पडतं.

ती सावरली की पुढचं सांगा. "पॅनेलचा निर्णय तुमच्या बाजूने होता, तो बदललेला नाही. जागा थांबण्याचा तुमच्या इंटरव्ह्यूशी संबंध नाही. जानेवारीत बजेटचा फेरविचार होणार आहे, पण त्यात ही जागा परत येईल असा शब्द मी देऊ शकत नाही. तुम्ही मला दुसऱ्या ऑफरबद्दल सांगितलं होतंत. तुम्ही निर्णय घेताना आमची ऑफर हातात नाही असं धरूनच घ्यावा, असं मला वाटतं."

शेवटचं वाक्य बोलायला जड जातं, आणि नेमकं तेच बऱ्याचदा राहून जातं. बाकीचं सगळं खरं सांगूनही ते गाळलं, तर उमेदवार मधल्या जागेत लटकतो. तुम्हाला "दुसरी ऑफर घ्या" असा सल्ला द्यायचा नाही, ती कंपनी तुम्हाला माहीत नाही. तुमच्या बाजूचा पर्याय हिशोबात धरायचा की नाही एवढंच तुम्ही सांगू शकता, आणि तेवढं सांगायलाच हवं.

पुढचे प्रश्न ठरलेले असतात.

"कंपनीची परिस्थिती वाईट आहे का?" यावर मान्य करून घेतलेलं वाक्यच पुन्हा सांगा आणि म्हणा, "यापलीकडे मला बाहेर बोलता येत नाही." "छे छे, सगळं उत्तम आहे" म्हणू नका. उद्या कर्मचारी कपातीची बातमी आली तर ते वाक्य तिला आठवेल.

"जागा परत उघडण्याची शक्यता किती टक्के?" टक्के देऊ नका. सत्तर म्हटलंत की तिला "जवळजवळ नक्की" ऐकू येतं. त्याऐवजी काय काय घडावं लागेल ते सांगा: बजेट मंजूर व्हायला हवं, त्यात या टीमला जागा मिळायला हवी, आणि फ्रीझनंतर अनेक कंपन्या आधी आतल्या माणसांना बदली देतात, त्यातून ही जागा उरायला हवी. तीनही पायऱ्या ऐकल्या की तिचा अंदाज तिचा तिला बांधता येतो.

"मी थांबले तर पगार तोच राहील ना?" हेही कबूल करू नका. पुन्हा उघडलेली रिक्विझिशन नव्या क्रमांकाने, कधीकधी एक लेव्हल खाली किंवा वेगळ्या पगारपट्ट्यात उघडते. ठरलेला आकडा तुमच्या नोंदीत राहील, पण त्याला नव्याने मंजुरी लागेल, हे उघड सांगा.

"पुन्हा इंटरव्ह्यू द्यावे लागतील का?" याचं उत्तर आधी काढून ठेवा. अनेक ठिकाणी इंटरव्ह्यूचा निकाल ठरावीक महिने ग्राह्य धरतात, तुमच्याकडे किती ते धोरणात बघा. मॅनेजर बदलले तर त्यांच्यासोबत एक राउंड होऊ शकतो, तेही सांगून ठेवा.

आणि एक प्रश्न तुम्ही विचारायचा: "तुम्ही राजीनामा दिला आहे का?" तो फोन संपायच्या आत विचाराच. तोंडी आकड्यावर राजीनामा टाकणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत, विशेषतः ९० दिवसांची नोटीस असली की, कारण प्रत्येक कंपनीला लवकर येणारा माणूस हवा असतो आणि नोटीसवर असलेल्या उमेदवाराला भाव मिळतो.

तिने राजीनामा दिला असेल, तर हा फोन निराळा होतो. कोणत्या तारखेला दिला आणि शेवटचा दिवस कोणता, हे लिहून घ्या. हातात दुसरी ऑफर आहे म्हणून थोडा दिलासा आहे. तिला सांगा की ती ऑफर लेखी आहे ना, त्यावरची रुजू होण्याची तारीख जुळते ना, हे आजच तपासा. दुसरी ऑफर नसती तर पहिला पर्याय राजीनामा मागे घेण्याचा असता. खाजगी कंपनीत ते बरंचसं मालकाच्या मर्जीवर आणि नेमणुकीच्या अटींवर असतं, पण तिच्या जागेसाठी बदली माणूस शोधायला सुरुवात होण्याआधी विचारलं तर मान्य होण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणून अशा उमेदवाराच्या बाबतीत एकेक दिवस मोलाचा असतो, आणि तुम्ही सोमवारवर ढकललेला फोन तिला महागात पडतो. तुमच्या बाजूने त्याच दिवशी एचआर प्रमुखांना लेखी कळवा की आपल्या तोंडी शब्दावर या व्यक्तीने नोकरी सोडली आहे, आणि अपवादाची मागणी करा. अपवाद मिळेल असं मात्र तिला सांगू नका.

लेखी ऑफर गेली असती आणि तिने ती स्वीकारली असती, तर हे उत्तर लागू पडलं नसतं. स्वीकारलेली ऑफर हा १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कक्षेत येणारा विषय आहे. तिथे रिक्रूटरने एकट्याने फोन करून "होल्ड" म्हणायचं नसतं. आधी विधी विभाग, मग रुजू होण्याची तारीख पुढे न्यायची की भरपाई द्यायची हा कंपनीचा निर्णय, आणि त्यानंतर फोन.

फोननंतर तासाभरात मेल पाठवा. फोनवर धक्क्यात ऐकलेलं नीट लक्षात राहत नाही, आणि घरी जोडीदाराशी बोलताना तिच्यासमोर लेखी काहीतरी असायला हवं. मेल लहान असू द्या:

"आज फोनवर सांगितल्याप्रमाणे, कंपनीने नव्या भरतीचा खर्च ३१ डिसेंबरपर्यंत थांबवल्यामुळे सीनिअर बॅकएंड इंजिनिअर ही जागा सध्या स्थगित आहे. तुमच्या सर्व फेऱ्या पूर्ण झाल्या असून पॅनेलचा अभिप्राय अनुकूल आहे. मात्र कंपनीकडून कोणतीही ऑफर दिलेली नाही, आणि जागा पुन्हा केव्हा सुरू होईल हे आज सांगता येत नाही. तुमचे इतर निर्णय या जागेवर अवलंबून ठेवू नयेत, ही विनंती. १६ जानेवारीला मी तुम्हाला स्थिती कळवेन, त्या दिवशी नवीन काही नसले तरीही."

"स्थगित" आणि "ऑफर दिलेली नाही" हे दोन्ही शब्द मेलमध्ये राहू द्या. कोरडे वाटतात, पण तिच्या हिताचे आहेत. मॅनेजरना प्रत टाका, म्हणजे ते तिला लिंक्डइनवर परस्पर "डोन्ट वरी, यू आर इन" असं लिहिणार नाहीत. हे होतं, आणि मग तुम्ही सांगितलेलं खरं की मॅनेजरनी सांगितलेलं, असा पेच तिच्यापुढे पडतो.

त्याच दिवशी जाहिरात खाली उतरवा. एटीएसमध्ये रिक्विझिशन होल्डवर टाकली की करिअर पेजवरची जाहिरात आपोआप जाते, असं पुष्कळ जण धरून चालतात. काही प्रणालींत ती वेगळ्याने काढावी लागते, आणि नौकरी.कॉम, लिंक्डइन, आतलं रेफरल पोर्टल इथल्या प्रती तर हमखास राहतात. तिने दोन दिवसांनी तीच जागा "अॅक्टिव्हली हायरिंग" म्हणून पाहिली, तर बजेटचं कारण बनावट होतं आणि आपल्याला नाकारलं, असाच अर्थ ती काढेल, आणि तसा अर्थ काढल्याबद्दल तिला दोष देता येणार नाही. फोन करण्याआधीच चारही ठिकाणं तपासलेली बरी.

एटीएसमध्ये तिची स्वतःची नोंद कशी ठेवता, हेही बघा. रिक्विझिशन बंद करताना त्यातले सगळे उमेदवार एकगठ्ठा "रिजेक्टेड" केले जातात. मग प्रणाली आपोआप "आम्ही अधिक योग्य उमेदवार निवडला आहे" असा ठरावीक मेल पाठवते, आणि कुलिंग पीरिअड असेल तर तिला पुढचे काही महिने कंपनीतल्या दुसऱ्या जागेसाठीही अर्ज करता येत नाही. "जागा स्थगित" किंवा "जागा बंद" असं कारण निवडा, स्वयंचलित मेल बंद करा, आणि टिपणात लिहा: सर्व फेऱ्या उत्तीर्ण, तोंडी ठरलेला आकडा, फ्रीझची तारीख, उमेदवाराला कळवल्याची तारीख. जानेवारीत तुम्ही त्या जागी नसलात तर पुढच्या रिक्रूटरला एवढ्यावरच काम करावं लागणार आहे.

१६ जानेवारीला कळवायचं म्हटलंत तर कळवा, तिने दुसरीकडे नोकरी धरली असली तरी. बातमी नसेल तर दोन ओळी पुरतात. त्याच मेलमध्ये पुढची एकच तारीख द्या, साधारण फेब्रुवारीअखेरची. तेव्हाही जागा सुरू झालेली नसेल तर प्रक्रिया बंद झाल्याचं लिहून टाका. "अजून होल्डवर" असं दर महिन्याला कळवत राहिलात तर तिला वाटतं काहीतरी हालचाल चालू आहे. जागा खरोखर उघडली, तर तिला आधी फोन करा आणि पहिलंच वाक्य असं असू द्या की रिक्विझिशनवर सगळ्या सह्या झाल्या आहेत. त्या सह्या होण्याआधी तो फोन करू नका.